विषय: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाऐवजी न विचारता दिलेले जेनेरिक, त्यावरील ‘सवलत’ आणि आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आपल्या औषध दुकानांच्या साखळीच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश आज आला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. छापील किंमत, खरेदी दर आणि त्यांतील फरक कोणाच्या खिशात जातो हे आपल्याला माझ्यापेक्षा नक्कीच अधिक माहीत असणार. तरीही मी अनेक वर्षे सोलापुरातील एका औषधांच्या ठोक विक्रेत्याकडे हिशेब सांभाळले आहेत, त्यामुळे ‘सर, तुम्हाला यातलं कळणार नाही’ हे वाक्य आपल्या कर्मचाऱ्यांनी माझ्यासाठी तरी वापरू नये.

माझ्या पत्नीला डॉक्टरांनी पित्तासाठी राबेप्राझोल आणि डोम्पेरिडोन यांच्या मिश्रणाची एका नामांकित कंपनीची कॅप्सूल लिहून दिली होती. सात रस्ता परिसरातील आपल्या शाखेत चिठ्ठी दिली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आतून एक स्ट्रिप आणली, बिल केले आणि ‘वीस टक्के डिस्काउंट दिलाय काका’ असे मोठ्या उदारपणे सांगितले. घरी पुडी उघडली तर आत दुसऱ्याच कंपनीचा माल निघाला. मिश्रण तेच, मात्राही तीच. स्ट्रिपवरची छापील किंमत मात्र मूळ ब्रँडइतकीच, म्हणजे १०५ रुपये, आणि बिलात लावलेला दर ८४ रुपये.

आता हिशेब पाहा. ही कॅप्सूल सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेल्या यादीत नाही. यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवते आणि त्या हिशेबात किरकोळ विक्रेत्याचा वाटा १६ टक्के धरलेला असतो. यादीबाहेरच्या औषधांत व्यापाराच्या रिवाजाने किरकोळ विक्रेत्याला २० आणि ठोक विक्रेत्याला १० टक्के मिळतात. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार यादीबाहेरच्या औषधाची किंमत बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, पण पहिल्या दिवशी स्ट्रिपवर कोणता आकडा छापायचा यावर सहसा बंधन नसते. आपला धंदा नेमका या फटीत बसतो.

नामांकित ब्रँडच्या १०५ रुपयांतून ५ टक्के जीएसटी वजा केला तर १०० रुपये उरतात. त्यांतले २० दुकानाचे, म्हणून दुकानाचा खरेदी दर ८० रुपये, करासह ८४. हा ब्रँड मला १० टक्के सवलतीने, म्हणजे साडेचौऱ्याण्णव रुपयांना विकला असता, तर आपल्या हाती कर धरून जेमतेम साडेदहा रुपये राहिले असते. थेट कंपनीकडून माल उचलल्यास ठोक विक्रेत्याचा वाटाही आपल्यालाच मिळत असेल, ‘दहावर एक फुकट’सारखी स्कीमही येत असेल, ते मी धरत नाही. जी स्ट्रिप मला दिली, तिचा सोलापूरच्या बाजारातला किरकोळ विक्रेत्याचा दर करासह २१ रुपये आहे. तो मी जुन्या सहकाऱ्याकडून दरपत्रकावर पाहून घेतला. ती मला ८४ रुपयांना विकून आपण कर धरून ६३ रुपये कमावले. म्हणजे ज्या दराने आपण स्वतः ब्रँड खरेदी करता, त्याच दराने मला जेनेरिक विकले आणि वर त्याला सवलत म्हटले.

ब्रँडवर वीस टक्के सूट दिली तर दुकानाचा सगळा नफा संपतो. ज्या स्ट्रिपवर वीस टक्के सूट देऊनही काउंटरवर आनंद मावत नाही, त्या स्ट्रिपवरचा छापील आकडा सूट देण्यासाठीच फुगवलेला असतो. त्याच बाजारपेठेतील एका छोट्या केमिस्टने हीच स्ट्रिप, त्याच कंपनीची, मला ३५ रुपयांना दिली. त्याच्याकडेही १०५ रुपयेच छापलेले होते आणि त्यालाही दुकानाचे भाडे व फार्मासिस्टचा पगार द्यावा लागतो. छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, तिच्या खाली कितीही उतरायला कायद्याने आडकाठी नाही, हे त्याला ठाऊक आहे.

यानंतर मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एका ताईंनी विचारले, ‘सर, एमआरपीपेक्षा जास्त घेतले का?’ मी म्हणालो, नाही. ‘मग तक्रार कशाची आहे सर?’ मी म्हणालो, चिठ्ठीतले औषध दिले नाही. त्या म्हणाल्या, ‘साल्ट सेम असतं सर. जेनेरिक आणि ब्रँडेड एकच.’ मी म्हणालो, एकच असेल तर एकवीस रुपयांचा माल चौऱ्याऐंशीला का? त्या म्हणाल्या, ‘डिस्काउंट दिलाय ना सर, तुमचे एकवीस रुपये वाचलेत.’ माझे वाचलेले एकवीस आणि आपल्या खरेदीचे एकवीस हा योगायोग मी त्यांना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मला पुन्हा संगीतावर ठेवले. परत आल्यावर आवाज अधिकच गोड झाला होता. ‘सर, तुम्हाला परवडत नसेल तर तुम्ही जनऔषधी केंद्रात जाऊ शकता.’

परवडत नसेल तर! मी पैसे रोख मोजले होते, उधारी मागितली नव्हती. सल्ला मात्र चांगला आहे. जनऔषधी केंद्रचालकालाही कर वगळून छापील किमतीवर २० टक्केच मिळतात, पण तिथे मूळ किंमतच कमी छापलेली असते, त्यामुळे सवलतीचा देखावा करावा लागत नाही. आपल्या कंपनीने स्वतःच्या ग्राहकाला फोनवरून तिकडचा रस्ता दाखवला, याबद्दल आभार मानावेत की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जेनेरिकला माझा विरोध नाही. चिठ्ठीतले औषध न विचारता बदलण्याला आहे. राबेप्राझोल आणि डोम्पेरिडोन ही दोन्ही शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची औषधे आहेत, आणि अशा औषधाच्या चिठ्ठीवर, घटक तेच असले तरीही, दुसरे औषध देता येत नाही असे १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ सांगतो. ‘साल्ट सेम’ हे उत्तर त्या नियमाने आधीच खोडून ठेवले आहे. आपल्या दुकानातील फार्मासिस्टला हे परीक्षेत लिहावे लागले असेल. काउंटरवरच्या मुलाला सांगायचे काम आपले होते.

आपल्या शाखेची पाटी लागली तेव्हा संगणकाचे बिल आणि बॅच क्रमांक पाहून मला बरे वाटले होते. त्याच बिलावर आता परक्या कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक स्पष्ट छापलेला आहे, त्यामुळे पुरावा शोधण्याचे माझे कष्ट मात्र वाचले.

माझे म्हणणे असे, की न उघडलेली स्ट्रिप परत घेऊन चिठ्ठीतले औषध द्यावे किंवा ८४ रुपये परत करावेत, आणि औषध बदलायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारले जाईल व ग्राहकाला दोन्हींचे विक्री दर सांगितले जातील, असे त्या शाखेला लेखी कळवून त्याची प्रत मला पाठवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास बिल, चिठ्ठी आणि स्ट्रिपचे छायाचित्र अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात व जिल्हा ग्राहक आयोगाकडे देईन. उत्तर लेखीच द्यावे. फोन करू नये, आपले संगीत माझे पाठ झाले आहे.

आपला ग्राहक (तूर्तास),
सोलापूर

सोबत: बिल व चिठ्ठीची छायाप्रत, स्ट्रिपच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र