टॉप-अप लोन 48 महिन्यांचं मागितलं, तुम्ही 168 महिन्यांचं करून दिलंत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक / तक्रार निवारण अधिकारी,

नमस्कार सर/मॅडम, माझं होम लोन तुमच्या नाशिकच्या ब्रँचला 2019 पासून चालू आहे, 20 वर्षांचं, आणि आजवर एकही हप्ता बाउन्स झालेला नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला आणि नंतरच्या खर्चाला मिळून 5 लाख लागणार होते. तुमच्याकडूनच रोज फोन यायचा की पर्सनल लोन प्री-अप्रूव्हड आहे, 13 टक्के, 4 वर्षं. मी म्हटलं नको, आपलं घर तारण आहेच तर त्याच लोनवर टॉप-अप द्या, 9 टक्क्याने, पण मुदत 4 वर्षंच ठेवा. हे काउंटरला तीनदा सांगितलं, आणि फॉर्मवर मुदतीच्या रकान्यात माझ्या हातानं 48 लिहिलं, त्याचा फोटो सोबत जोडलाय.

पहिला हप्ता कापला गेला 5,245 चा. मला वाटलं काहीतरी चुकलं, कारण माझ्या हिशोबाने 12,440 च्या आसपास यायला हवा होता. शेड्यूल काढून बघितलं तर मुदत 168 महिने!! म्हणजे मूळ होम लोनची जितकी वर्षं उरलीत तितकीच टॉप-अपला चिकटवलीत. त्या 5,245 मधले 3,750 नुसते व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं फक्त 1,495 नं. विचारायला गेलो तर तुमचा माणूस हसून म्हणतो, "काका, ईएमआय किती कमी झाला बघा ना, खूश व्हा."

आता खूश व्हायचं की नाही ते बघा. पर्सनल लोन घेतलं असतं तर 13 टक्क्याने 4 वर्षांत व्याज साधारण 1 लाख 44 हजार गेलं असतं. टॉप-अप 9 टक्क्याने 4 वर्षांत फेडला तर 97 हजार. तुम्ही जे केलंत, म्हणजे तोच 9 टक्का पण 14 वर्षं, त्यात व्याज होतं 3 लाख 81 हजार! रेट कमी असून मी पर्सनल लोनपेक्षा सव्वादोन लाखांहून जास्त भरणार. टॉप-अप स्वस्त पडतो तो पर्सनल लोनइतक्याच मुदतीत फेडला तर, आणि रक्कम जरा मोठी असेल तर. कारण प्रोसेसिंग, वकील, व्हॅल्युएशन, स्टँप असं मिळून माझे 14 हजार गेले, पर्सनल लोनला प्रोसेसिंगचे 11,800 सांगितले होते. 5 लाखांत हा फरक पचतो, तरी 44 हजार वाचतात. हेच 1 लाख वर्षभरासाठी हवे असते तर दोन्हीच्या व्याजातला फरक जेमतेम सव्वादोन हजार, मग मीच टॉप-अपच्या भानगडीत पडलो नसतो.

"मग पार्ट पेमेंट करा की, चार्ज नाही" असंही ऐकवलं गेलं. बरोबर आहे, फ्लोटिंग रेटच्या लोनला चार्ज लागत नाही हे मला माहीत आहे. म्हणून मागच्या महिन्यात अॅपवरून 25,000 भरले, तर ते गेले मूळ होम लोनच्या खात्यात, 8 टक्क्याच्या! 9 टक्क्याचं टॉप-अप खातं तसंच्या तसं. दोन खात्यांचे नंबर वेगळे असतात आणि अॅप आपोआप पहिलं निवडतं हे कुणी सांगायचं?

आणि की फॅक्ट स्टेटमेंट, जे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून सह्या करण्याआधी द्यायचं असतं, ते मला पैसे जमा झाल्यानंतर दोन दिवसांनी मेलवर आलं. ते आधी हातात पडलं असतं तर त्यातला 168 चा आकडा मी तिथेच पकडला असता. सह्या करताना मात्र "इथे, इथे आणि इथे" एवढंच दाखवलं, वाचायला बसलो तर मागे लाइन आहे म्हणाले, तीही चूक माझीच धरा हवं तर.

माझं म्हणणं साधं आहे. टॉप-अपची मुदत सुरुवातीपासून मोजून 48 महिने करा, दोन हप्ते गेलेत तर उरलेले 46, ईएमआय तेरा हजारांच्या आत बसतो, तो मी भरेन, आणि ह्या बदलाची फी लावू नका. ते 25,000 टॉप-अप खात्यात वळवा, ज्या तारखेला भरले त्या तारखेपासून. आणि दोन्ही गोष्टी झाल्यावर नवीन शेड्यूल लेखी पाठवा, फोनवर "होऊन जाईल" नको.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकणार आहे, फॉर्मचा फोटो आणि शेड्यूल दोन्ही तयार ठेवलेत.

कळावे,
आपला खातेदार
(दोन्ही लोन खात्यांचे नंबर मेलच्या सब्जेक्टमध्ये दिलेत)