नाव भारताचे, यंत्र सिंगापूरला : व्हीपीएनच्या 'इंडिया' सर्व्हरबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : सर्व्हर प्रत्यक्ष कोणत्या देशात आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगणे सक्तीचे करावे.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात लहान-मोठ्या कारखान्यांचे नेटवर्क सांभाळतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणून युरोपला पाठवणारा एक कारखाना माझ्याकडे आहे. त्यांचे निर्यातीचे काम पाहणारे गृहस्थ जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला गेले, तेव्हा त्यांना तिथून एक भारतीय पोर्टल उघडेना. आपली बरीच सरकारी पोर्टल परदेशातून उघडत नाहीत, हे आपणास ठाऊकच आहे. व्हीपीएन म्हणजे आपले इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवून पुढच्या वेबसाइटला त्या सर्व्हरचा पत्ता दाखवणारी सेवा. त्यांनी अशा एका कंपनीचे वर्षाचे पैसे भरले, यादीतून 'इंडिया' निवडले आणि पोर्टल उघडले. परत आल्यावर तेच अॅप ऑफिसातल्या संगणकांवरही बसले. 'इंडिया' सर्व्हर आहे म्हणजे माहिती देशातच राहते आणि वेगही चांगला मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. पुढे युरोपातल्या एका खरेदीदाराने फॉर्म पाठवला. तुमची माहिती कोणकोणत्या देशांतून जाते, असा त्यात एक रकाना होता. त्यांनी 'फक्त भारत' लिहिले, पण सही करण्याआधी मला विचारले, हे बरोबर आहे ना?

बरोबर नव्हते. त्यांचा 'इंडिया' सर्व्हर सिंगापूरला होता.

हे कसे होते ते थोडे सविस्तर मांडतो, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. इंटरनेटवरच्या आयपी पत्त्याला स्वतःची अशी भौगोलिक जागा नसते. हा पत्ता अमुक देशातला आहे, हे वेबसाइटला कळते ते काही खासगी कंपन्यांच्या डेटाबेसवरून. ते डेटाबेस पत्त्यांच्या नोंदणीवरून आणि इतर खुणांवरून भरले जातात आणि त्यांत मोठा वाटा पत्ते वापरणाऱ्याच्या स्वतःच्या निवेदनाचाही असतो. या निवेदनाचा ठरलेला नमुना आहे. आरएफसी ८८०५ या इंटरनेटच्या २०२० सालच्या तांत्रिक दस्तऐवजात तो दिला आहे. साध्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची असते. उदाहरणासाठीच राखून ठेवलेले पत्ते घेऊन ती अशी दिसेल :

```
203.0.113.0/24,IN,IN-MH,Mumbai,
```

हे २५६ पत्ते भारतात, महाराष्ट्रात, मुंबईत आहेत, एवढाच तिचा अर्थ. यंत्र खरेच मुंबईत आहे का, हे ती ओळ लिहिताना कोणीही तपासत नाही. डेटाबेसने ती मान्य केली की साऱ्या जगाला ते पत्ते मुंबईचे दिसू लागतात, मग यंत्र सिंगापूरच्या डेटा सेंटरमध्ये का असेना. यालाच कंपन्या 'व्हर्च्युअल लोकेशन' म्हणतात. प्रत्यक्ष लोकेशनमध्ये पत्ता आणि यंत्र एकाच देशात असतात. व्हर्च्युअलमध्ये भारताचा फक्त पत्ता असतो.

ही लबाडीच असते असे मी म्हणत नाही. काही देशांत चांगली डेटा सेंटर नाहीत, काही ठिकाणी यंत्र ठेवणेच धोक्याचे आहे. तिथला पत्ता हवा असलेल्या ग्राहकाला शेजारच्या देशातून तो देणे ही रास्त सोय आहे. मात्र भारताच्या बाबतीत कारण वेगळे आहे आणि ते आपल्या मंत्रालयाशी जोडलेले आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या आपल्या मंत्रालयाच्या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू नोंदवावा आणि ग्राहक सोडून गेल्यावरही पाच वर्षे जपून ठेवावा, असे त्यात होते. ग्राहक पडताळणीच्या या भागाला नंतर २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्याआधीच एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर बंद केल्याचे किंवा करत असल्याचे जाहीर केले. त्यांतल्या काहींनी 'इंडिया' हे नाव मात्र यादीत ठेवले आणि यंत्रे सिंगापूर व ब्रिटनमध्ये नेली. एक्सप्रेसव्हीपीएनने तेव्हा यादीतच 'इंडिया, सिंगापूरमार्गे' आणि 'इंडिया, ब्रिटनमार्गे' असे उघड लिहिले. मला हवे आहे ते नेमके हेच. आमच्या कारखान्याने घेतलेल्या सेवेत असा शब्द कुठेही नव्हता. नुसता तिरंगा होता आणि शेजारी 'इंडिया'.

मग खरे कसे शोधायचे? अॅपला विचारून उपयोग नाही आणि 'माझा आयपी कुठला' सांगणाऱ्या वेबसाइटही त्याच डेटाबेसवर चालतात. पण वेळ खोटे बोलत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. पिंग ही आज्ञा एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवते आणि उत्तर येईपर्यंतचा, म्हणजे जाण्या-येण्याचा मिळून वेळ मोजते, म्हणून पिंगच्या एका मिलिसेकंदात यंत्र जास्तीत जास्त १०० किलोमीटरवर असू शकते. त्याहून दूर असणे शक्यच नाही.

मी व्हीपीएन जोडला, बाहेर कोणता पत्ता दिसतो तो टिपून घेतला आणि व्हीपीएन बंद करून त्या पत्त्याला पिंग केले. टिपलेला पत्ता बाहेर पडण्याच्या टोकाचा असावा लागतो, कारण अॅप ज्या पत्त्याला जोडते तो पुष्कळदा वेगळा असतो. सोलापुरातून मुंबईच्या सर्व्हरला मला १४ मिलिसेकंद लागतात. या 'इंडिया' पत्त्याला ७१ लागले. एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण भारतातल्या भारतातही माहिती कधी कधी वळसा घालून जाते आणि आकडा फुगतो. मोठा आकडा काहीच सिद्ध करत नाही, लहान आकडा मात्र करतो. म्हणून सिंगापूरच्या एका भाड्याच्या यंत्रावरून त्याच पत्त्याला पिंग केले. उत्तर दीड मिलिसेकंदात आले. याचा अर्थ सर्व्हर सिंगापूरपासून १५० किलोमीटरच्या आत आहे. भारताची सिंगापूरला सर्वांत जवळची भूमी ग्रेट निकोबार, आणि तीही हजार किलोमीटरहून लांब आहे. विषय संपला. पिंगला उत्तर न देणारे सर्व्हरही असतात. तिथे माहिती वाटेत कोणकोणत्या राउटरांतून जाते ते दाखवणारी ट्रेसराउट ही आज्ञा चालवून शेवटच्या राउटरांची नावे पाहावीत. त्यांत पुष्कळदा `sin` यासारखे विमानतळाचे संक्षेप सापडतात.

हा प्रकार एका कंपनीपुरता नाही आणि नवाही नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी सात व्हीपीएन कंपन्यांचे २२६९ सर्व्हर अशाच वेळेच्या मोजमापाने तपासले. त्यांतले किमान एक तृतीयांश जाहिरातीतल्या देशात नक्कीच नव्हते.

ग्राहकाचे यात काय जाते? आधी वेग. कारखान्याचे ईआरपी, म्हणजे हिशेब, साठा, ऑर्डर सांभाळणारे सॉफ्टवेअर, मुंबईतल्या सर्व्हरवर आहे. व्हीपीएन सुरू असताना प्रत्येक मागणी सोलापूरहून सिंगापूरला जाते आणि तिथून मुंबईला येते. येण्या-जाण्याला १४ ऐवजी सुमारे १३० मिलिसेकंद. ईआरपीचा एक पडदा उघडायला अशा पन्नासेक फेऱ्या लागल्या, तर जे काम पाऊण सेकंदात व्हायचे त्याला साडेसहा सेकंद लागतात. अकाउंटंट बाई दिवसभर संगणकाला दोष देत होत्या.

वेगापेक्षा मोठी गोष्ट कायद्याची. यंत्र ज्या भूमीवर आहे तिथला कायदा त्याला लागू होतो. सिंगापूरमधल्या सर्व्हरमधून कोण कोणत्या वेबसाइटवर गेले, याची माहिती मागण्याचा अधिकार तिथल्या यंत्रणेला आहे. काही ग्राहकांना नेमके तेच हवे असेल, पाच वर्षांच्या नोंदीपेक्षा सिंगापूर बरे वाटत असेल. तो त्यांचा निर्णय. पण निर्णय घ्यायला आधी माहिती हवी. आमच्या निर्यातदाराने त्या फॉर्मवर सही केली असती, तर तो नकळत खोटे लिहून बसला असता आणि ऑर्डर गमावण्याची पाळी त्याच्यावर आली असती, अॅप विकणाऱ्यावर नाही.

आपल्या यंत्रणांचेही यात नुकसान आहे. सायबर पोलिसांचा तपास आयपी पत्त्यापासून सुरू होतो. पत्ता 'भारत' दाखवतो, यंत्र परदेशात निघते, आणि मग दोन देशांमधल्या कायदेशीर साहाय्याच्या लांब वाटेने जावे लागते. सरकारी पोर्टलची 'फक्त भारतातून' ही अटही त्याच डेटाबेसवर टेकलेली आहे. आमचे गृहस्थ फ्रँकफर्टला बसून, सिंगापूरच्या यंत्रातून त्या दारातून आत गेले. ते सज्जन आहेत. त्याच वाटेने दुसरा कोणीही येऊ शकतो.

सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडे विणलेल्या मालावर ते नाव लावता येत नाही, कारण ग्राहक गावाच्या नावाचे पैसे मोजतो. सर्व्हरच्या यादीत देशाच्या नावाचे पैसे मोजले जातात आणि तिथे विचारणारे कोणी नाही.

२०२२ चा आदेश बरोबर की चूक, हा वाद मी इथे घालत नाही. माझे म्हणणे एवढेच की त्या आदेशाने यंत्रे बाहेर गेली, नाव इथेच राहिले आणि त्यातून तयार झालेली गैरसमजूत दूर करणे मंत्रालयाच्या हाती आहे. भारतीय ग्राहकाला सेवा विकणाऱ्या प्रत्येक व्हीपीएन व होस्टिंग कंपनीने यादीतल्या देशाच्या नावाशेजारीच, पैसे घेण्याआधी, यंत्र प्रत्यक्ष ज्या देशात व शहरात आहे ते लिहावे. मदतीच्या पानावर तळाशी दिलेली टीप यात धरू नये. भारतात आयपी पत्ते वाटणारी आयआरआयएनएन ही निक्सी या राष्ट्रीय इंटरनेट एक्सचेंज संस्थेची शाखा आहे आणि निक्सी आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. तिथून दिलेल्या पत्त्यांबाबत खोटे ठिकाण जाहीर करू नये, ही अट तिला घालता येईल. परदेशी नोंदणीच्या पत्त्यांना ती लागू पडणार नाही. त्यांच्यासाठी सर्ट-इनने मुंबई, चेन्नई, सिंगापूर, लंडन अशा मोजक्या ठिकाणांहून वेळ मोजून 'इंडिया' म्हणवणाऱ्या सर्व्हरची यादी दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. वर सांगितलेली तपासणी मला एका दुपारी करता आली, सर्ट-इनला तिची अडचण पडू नये. आणि जी सरकारी पोर्टल केवळ आयपीच्या देशावर विसंबून दार उघडतात, त्यांचा एकदा आढावा घेतला जावा.

माझ्या मोजमापाचे पत्ते, वेळा आणि ट्रेसराउट मी जपून ठेवले आहेत. आपल्या अधिकाऱ्यांनी मागितल्यास त्या कंपनीच्या नावासह पाठवीन. ते नाव इथे लिहिलेले नाही, कारण आधी आपण खातरजमा करावी अशी माझी इच्छा आहे.

आपला नम्र,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, सोलापूर