थंडीच्या बुटांबद्दल

परळ, मुंबई
९ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने तीनदा विचारलं, "पायाचं काय केलंस?" तेव्हा मी गाडीत लोंबकळत होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितो. बूट घेतले. पाच हजार आठशेला पडले. आकडा ऐकून बाबा गप्प होतील हे मला ठाऊक आहे, म्हणून सगळं सांगतो.

वेल्डिंग करताना घालायचे, पुढे टोपी असलेले सेफ्टी शूज फिनलंडची कंपनी देणार आहे, करारात तसं लिहिलंय. पण खोलीवरून जहाजाच्या यार्डापर्यंत चालायचं, पहाटे बसची वाट बघायची, रविवारी सामान आणायचं, ते स्वतःच्या बुटांत. तिकडे तुर्कूला जानेवारी-फेब्रुवारीत उणे पाच-सात म्हणजे रोजचंच, आणि काही दिवस पारा उणे वीसपर्यंतही उतरतो. आपण पौषातल्या पहाटे शेकोटीला बसतो, तेव्हाही पंधराच्या आसपास असतं.

आधी मी चुकलो, ते सांगतो. पदपथावर एकाकडे परदेशी बनावटीचे लोकरी अस्तराचे बूट दिसले. एकदाही न वापरलेले, खोक्यातले, किंमत बाराशे. घेतले आणि खोलीवर चालून बघावं म्हणून घालून निघालो. दादरहून परळला येईपर्यंत डाव्या बुटाचा तळ चिरला, आणि जिन्यात भिजलेल्या बिस्किटासारखे त्याचे तुकडे पडले. मला वाटलं विकणाऱ्याने फसवलं. पण तळाचा तो हलका, फेसासारखा थर पॉलियुरेथेनचा असतो, तो हवेतली ओल खाऊन आतल्या आत कुजतो. मुंबईच्या हवेत खोकं बंद करून काही वर्षं ठेवलं, की नवाकोरा बूटही आतून म्हातारा होतो. विकणाऱ्यालाही बहुतेक माहीत नसेल. आता मी तळात अंगठ्याचं नख रुतवून बघतो. चिकट लागलं, बारीक चिरा दिसल्या किंवा भुगा निघाला, तर तो बूट खाली ठेवायचा. बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असेल तर तेही वाचायचं.

मग नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे कारखान्यांचं आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांचं सामान मिळतं. एका दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी आधी विचारलं, "मोजे आणलेत का?" मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग संध्याकाळी या, ज्या मोज्यात वावरणार तोच घालून या." दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर गेलो. माझा नेहमीचा आठ नंबर जाड मोज्यावर कसाबसा चढला. काकांनी नऊ नंबर दिला, नाडी न बांधता पाय पुढे सरकवायला लावला, आणि माझ्या टाचेमागे स्वतःचं बोट घालून बघितलं. बोट सहज गेलं. मग नाडी बांधली, तेव्हा टाच उचलत नव्हती आणि बोटं आत मोकळी हलत होती. असाच बसायला हवा, म्हणाले.

आई, हे तुझ्या गोधडीसारखंच आहे. नवी, फुगलेली गोधडी ऊब धरते, दाबून चापट झाली की धरत नाही. बुटाला स्वतःची ऊब नसते, तो आपल्याच पायाची ऊब आतल्या हवेत राखून ठेवतो. बूट घट्ट असला की ती हवा जाते, अस्तर दबतं आणि बोटांकडे रक्तही नीट पोचत नाही.

तरी माझं समाधान होईना. सुतारवाडीतल्या तात्यांचा धाकटा ससून डॉकजवळ मासळीच्या कोल्ड स्टोरेजला आहे. गोठवलेली मासळी उणे अठराला ठेवतात. त्याला म्हटलं, मला अर्धा तास आत उभं राहू दे. त्याने मुकादमाला विचारून जाकीट दिलं आणि स्वतः दाराशी थांबला. मी मुद्दाम उजव्या पायात लोकरीचा एक जाड मोजा घातला होता आणि डाव्या पायात सुती मोजे दोन, एकावर एक, कोंबून. बूट तेच, नंबर तोच.

दहा मिनिटं काहीच कळलं नाही. पंधराव्या मिनिटाला डाव्या करंगळीला सुया टोचल्यासारखं झालं, मग टोचणं थांबलं. मला वाटलं, सवय झाली. तर तो दारातून ओरडला, "दुखायचं थांबलं ना? मग बाहेर ये." तिथे काम करणाऱ्यांचा हा नियमच आहे. दुखतंय तोवर बोट जागं असतं, बधिर झालं की ऊबेत यायचं. बाहेर येऊन बूट काढले. डावा मोजा घामाने ओला होता, सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड पाय गार पाडतं. करंगळी पांढरी पडली होती, पाचेक मिनिटांत पुन्हा लाल झाली. उजवा पाय हाताला कोमट लागत होता.

बाबा, तुम्ही म्हणाला होतात, लावणीचे गमबूट आहेत, तेच ने. तिथे एक साधा गमबूट रात्रभर आत राहिला होता. वाकवून बघितला, तर लाकडासारखा कडक. असा तळ बर्फावर धरत नाही, घसरतो. मी घेतलेल्याचा रबरी तळ बाहेर आल्यावरही हाताने वाकत होता, हे मी लगेच तपासलं.

तेव्हा पायाचं आता असं आहे. बुटांत नमद्याचं अस्तर आहे, ते रोज रात्री काढून वाळवायचं. ते ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी अर्धीही ऊब मिळत नाही. लोकरीचे मोजे चार जोड घेतले. घेताना एक धागा जाळून बघितला, जळलेल्या केसांसारखा वास आला आणि राख चुरली. दुसऱ्या ठेल्यावरच्या मोज्याचा धागा वितळून कडक गोळी झाली, ते घेतले नाहीत. निसरड्या बर्फासाठी बुटाखाली बांधायचे खिळ्यांचे पट्टे तिकडेच मिळतात, असं आधी गेलेल्या मुलाने सांगितलं, ते तिथेच घेईन.

विमानात बूट पायातच घालणार आहे, बॅगेत दोन किलो वाचतात. मुंबईच्या उकाड्यात विमानतळापर्यंत पाय भिजतील, म्हणून एक जोड मोजे खिशात ठेवीन आणि आत गेल्यावर बदलीन.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतोय, दोन दिवस आहे. बूट बरोबर आणतो. बाबा, तुम्ही हातात घेऊन तळ दाबून बघा. आई, ते अंगणात उन्हात ठेवू नकोस, पडवीत वाऱ्याला ठेव.

तुमचा,
बाळा