डॉक्टर मॅडम, तुम्ही आईला हात दाखवलात त्याबद्दल

मॅडम, आमची गाय गौरी भरवून दोन महिने झाले, परवा तुम्ही तपासायला येणार, त्याआधीच हे लिहून टाकतो, समोर बोलायला मला जमत नाही.

गौरी व्यायली तेव्हा वार पडली नाही, दुसऱ्या दिवशी एकाने हात घालून ओढून काढली, अर्धी तुटली असणार. महिना होत आला तरी सकाळी ती बसलेल्या जागी पांढरा पू, शेपटीला पण चिकटलेला. खाणं नीट, ताप नाही, दूध चौदा लिटर, म्हणून सगळे म्हणायचे व्यायल्यावर घाण पडतेच. एकाने नुसता वरून, शेणाच्या वाटेने हात घालून पिशवी ढिली म्हणत तीन दिवस गोळ्या सोडल्या, दुसऱ्याने आयोडीनने पिशवी धुतली. दूध डेअरीला घालू नका असं दोघांपैकी कुणी बोललं नाही, पैसे मात्र लगेच.

तुम्ही अडतिसाव्या दिवशी आलात. आधी निरण धुऊन पुसलं, नवा ग्लोव्ह घातला, योनीतून हात बाहेर काढला आणि तो मला नाही, धार काढणाऱ्या आईला दाखवलात. तळहातावर निम्म्याहून जास्त पू. "मावशी, वास घ्या, पहिले दोन-तीन आठवडे तांबूस-तपकिरी पडतं, त्याला घाण वास नसतो, ते चालतं. हे आता पिशवीच्या आतल्या अस्तराची सूज आहे." आईला गोठ्यात इतक्या वर्षांत कुणी असं समजावलंच नव्हतं हो. त्या दिवशी ती रात्रीपर्यंत तेच सांगत होती.

मग वरून तपासून डाव्या अंडाशयावर पिवळी गाठ आहे म्हणालात, आणि व्यायल्यावर भरवली नाही ना हे दोनदा विचारलंत, कारण गाभण असेल तर प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनने गाय गाभडते. गाठ आहे म्हणून प्रोस्टाग्लँडिन, माज येईल, पिशवीचं तोंड उघडेल, पिशवी स्वतःच पू बाहेर टाकेल. गाठ नसती तर त्याचा फारसा उपयोग नाही, मग पिशवीत अँटिबायोटिक सोडावं लागलं असतं आणि लेबलवर लिहिलंय तितके दिवस दूध बाजूला. आयोडीनने तर आतलं अस्तर आणखी चिडतं म्हणालात. हे ऐकून मला स्वतःचाच राग आला, मीच धरून उभा होतो ना.

चौथ्या दिवशी माजावर आली, भसाभस पू पडला, आणि मी लगेच भरवू का म्हणून फोन केला तर तुम्ही ओरडलात. चौदा दिवसांनी न बोलावता परत आलात, अजून पांढरे कण होते, दुसरं इंजेक्शन. त्यानंतरच्या माजाला सोट अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, तरी तुम्ही एक माज अजून सोडायला लावलात. पुढच्या माजाला भरवली. अजून उलटून माजावर आली नाहीये.

आई आता रोज बसलेली जागा बघते, शेजारच्या गोठ्यात पण जाऊन बघते. परवा चहा घेतल्याशिवाय ती तुम्हाला सोडणार नाही.