मीठ वेगळं, सोडियम वेगळं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या आरोग्य पुरवणीतला सलामी, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाच्या तयार कापांवरचा लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा पेन आणि कागद घेऊन बसले. लेखासोबतच्या चौकटीत हॅमपुढे २.२ आणि सलामीपुढे ०.४८ असे आकडे आहेत आणि खाली सांगितलंय की सलामीत मीठ कितीतरी कमी, म्हणून ज्यांना मीठ कमी करायचंय त्यांनी सलामी घ्यावी. हे साफ उलटं आहे. घरात हृदयाचा रुग्ण असलेल्या माणसाने हे वाचून पाकीट आणलं तर काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून आज लगेच लिहायला बसले.

हॅमचा आकडा मिठाचा आहे आणि तो १०० ग्रॅमला आहे. सलामीचा आकडा सोडियमचा आहे आणि तो एका सर्व्हिंगला, म्हणजे २८ ग्रॅमला आहे. काही देशांच्या लेबलांवर 'मीठ' छापतात, काहींवर 'सोडियम'. मिठात सोडियम साधारण चाळीस टक्के असतं, म्हणून सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं आणि मिठाला अडीचने भागलं की सोडियम. आता आपल्याच चौकटीतले आकडे घ्या. हॅमचं २.२ ग्रॅम मीठ म्हणजे १०० ग्रॅमला ८८० मिलिग्रॅम सोडियम. सलामीचं ०.४८ ग्रॅम, म्हणजे ४८० मिलिग्रॅम सोडियम २८ ग्रॅमला, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे १७१५ मिलिग्रॅम. मिठाच्या भाषेत ४.३ ग्रॅम. हॅमच्या जवळजवळ दुप्पट!

आणि यात नवल काही नाही. सुकवलेल्या सलामीच्या मिश्रणात किलोला पंचवीस-तीस ग्रॅम मीठ घालतात. मग टांगून सुकवताना तिचं वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटतं. उडून जातं ते पाणी, मीठ आतच राहतं. हॅम शिजवलेलं असतं आणि त्यात पाणी टिकवून ठेवलेलं असतं, म्हणून मीठ तेवढं दाटत नाही. लेखिकेने एवढं लक्षात घेतलं असतं तरी ०.४८ पाहून तिला शंका यायला हवी होती.

माझ्या वडिलांचं हृदय कमजोर आहे. डॉक्टरांनी दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा घालून दिलेली. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांनाही याहून कमीच खा म्हणते, म्हणजे मीठ ५ ग्रॅमच्या आत. बाबांना सलामीचं सँडविच फार आवडतं. पाकिटावर ४८० वाचलं आणि मीच म्हणाले, 'चालेल की, पाव हिस्सासुद्धा नाही होत.' सकाळी एक सँडविच, संध्याकाळी एक, असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सकाळी काट्यावर त्यांचं वजन दोन किलोने वाढलेलं. मोजे काढले तर घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ, बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. रात्री आडवं पडलं की धाप लागत होती, पण ते बोलले नव्हते. दवाखान्यात इंजेक्शनं देऊन पाणी काढावं लागलं.

घरी आल्यावर मी उरलेले काप स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवले. एक काप सात ग्रॅमचा. म्हणजे ती २८ ग्रॅमची सर्व्हिंग म्हणजे फक्त चार काप. बाबांच्या प्रत्येक सँडविचमध्ये मी सहा घालत होते, दिवसाला बारा. तीन सर्व्हिंग झाल्या, १४४० मिलिग्रॅम. दोन स्लाइस पावात अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम सोडियम सहज असतं, तेही दोनदा. दोन सँडविचमध्येच दिवसाची मर्यादा संपत होती. आमटी, भाजी अजून वेगळीच. सर्व्हिंगचं वजन त्याच तक्त्याच्या पहिल्या ओळीत छापलेलं होतं, पण त्यावर दुकानातलं वजनाचं स्टिकर बरोबर चिकटवलेलं. नखाने खरवडून काढलं तेव्हा दिसलं.

लेखातला दुसरा सल्ला त्याहून धोक्याचा वाटला: 'प्रिझर्वेटिव्ह नाही' असं लिहिलेलं पाकीट घ्या, त्यात सोडियमही कमी असतं. इथे सोडियम नायट्राइट या प्रिझर्वेटिव्हची गोष्ट आहे. घटकांच्या यादीत ते २५० या क्रमांकाने येतं. ते अगदी किंचित घालतात, बऱ्याच ठिकाणी किलोला १५० मिलिग्रॅमच्या आसपास मर्यादा असते. म्हणजे १०० ग्रॅम सलामीत १५ मिलिग्रॅम, आणि त्यातलं सोडियम एक तृतीयांश, ५ मिलिग्रॅम. १७१५ मधून ५ वजा करून बाबांच्या घोट्यांना काय फरक पडणार? सोडियम येतं ते साध्या मिठातून. शिवाय अशा पाकिटांच्या यादीत पुष्कळदा सेलरी पावडर सापडते. सेलरीतल्या नायट्रेटपासून जिवाणू नायट्राइटच तयार करतात. नायट्राइटबद्दल काळजी करण्यासारखं आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. पण बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू नये म्हणूनही नायट्राइट घालतात. ती चर्चा जरूर करा, मात्र मिठाच्या हिशेबात तिची सरमिसळ नको.

घटकांच्या यादीत लॅक्टेट, फॉस्फेट, एरिथॉर्बेट या नावांआधी 'सोडियम' लिहिलेलं असलं, तर त्यांचंही सोडियम तक्त्यातल्या आकड्यात धरलेलं असतं. ते वेगळं मिळवत बसायची गरज नाही. शेवटचा आकडा तेवढा १०० ग्रॅमवर आणून बघायचा.

'२५ टक्के कमी सोडियम' या शब्दांवर लेखाने एवढा विश्वास का टाकला, तेही कळलं नाही. १७१५ मधून पाव भाग गेला तरी १२८६ उरतात, म्हणजे ३.२ ग्रॅम मीठ. कशापेक्षा कमी, हे विचारायलाच हवं. आणि मिठाच्या जागी अनेकदा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम साठतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखीच. बाबा अशीच एक गोळी घेतात. त्यांच्यासाठी ते पाकीट साध्या सलामीइतकंच वाईट, फक्त वेगळ्या कारणाने. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

जाता जाता आणखी एक. ही चौकट तुम्ही फिकट पिवळ्यावर करड्या अक्षरांत छापलीत, तीही एवढ्या बारीक टायपात की माझ्या वडिलांना भिंगानेही वाचता आली नाही. आरोग्य पुरवणी सर्वांत जास्त ज्यांना लागते त्यांचे डोळे साठीपुढचे आहेत. गेल्या वर्षी याच तक्रारीचं पत्र मी पाठवलं होतं, ते छापलं गेलं नाही.

माझी विनंती एवढीच की, चौकट दुरुस्त करून पुढच्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापा. दोन्ही पाकिटांचं सोडियम १०० ग्रॅमला, मिलिग्रॅममध्ये, काळ्या अक्षरांत: हॅम ८८०, सलामी १७१५. आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींचा खुलासा नको, तो कुणी वाचत नाही. कालची चौकट कापून फ्रिजवर लावलेले लोक असतील, मीही अशा चौकटी लावते.

आपली,
एक नियमित वाचक