आजीच्या गालावरचे व्रण ठेवल्याबद्दल

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

आजीचा फोटो परवा भिंतीवर लावला. आत्या बराच वेळ त्याच्यासमोर उभी होती. मग हात वर करून तिने काचेवरूनच आजीच्या गालाला बोट लावलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. हे तुम्हाला कळायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र. आणि ज्यांच्या घरी जुने फोटो आहेत त्यांनाही ते वाचता यावं, म्हणून उघड लिहिते आहे.

तुमच्या स्टुडिओला पन्नास वर्षं झाली त्या संध्याकाळी मी शेजारधर्म म्हणून आले होते. तुमचं भाषण ऐकून घरी गेले ती झोपलेच नाही. तुम्ही सुरुवात केलीत उमेदवारीच्या दिवसांपासून. तिरक्या काचेचं रिटचिंगचं डेस्क, खाली उजेड वर फेकणारा आरसा, सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. सुरकुती फोटोत काळी दिसते, पण निगेटिव्हवर ती पारदर्शक रेघ असते. निगेटिव्हला चिकट वार्निश लावून त्या रेघेत पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके भरायचे, की छापल्यावर सुरकुती नाहीशी. पेन्सिलीने फक्त उजळ करता येतं, काळं करायचं तर पात्याने निगेटिव्ह खरवडावी लागते, आणि हात जरा चुकला तर ती कायमची गेली. नवऱ्यामुलींचे चेहरे तुम्ही तासन्तास असे भरलेत, आणि ते काम तुम्हाला आवडायचं, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत.

मग तुम्ही २२ जुलै २०२१ वर आलात. वाशिष्ठीच्या पुराचं पाणी चिपळूणच्या प्रत्येक घराने आपापल्या भिंतीवर मोजलं आहे, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्ही बोललात ते नंतरच्या महिन्यांबद्दल. लोक भिजलेले, चिखल लागलेले फोटो पिशव्यांतून घेऊन येत होते. "चांगला करून द्या" असं म्हणणारं त्यात जवळपास कुणीच नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. लोक डागावर बोट ठेवून विचारायचे, "हा चिखल आहे, की तिचा तीळ? तीळ असेल तर पुसू नका."

काका, त्या वाक्याने मला घरच्या कपाटातला फोटो आठवला.

आमच्या आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, त्यामुळे माझ्या मुलांनी तसा चेहरा कधी पाहिलेला नाही. आजीचे दोन्ही गाल व्रणांनी भरलेले आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. तिचा एकच फोटो आहे, आजोबांबरोबर स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा. पुरात तो फ्रेमसकट भिजला. वाळला तेव्हा खालचा कोपरा काचेला चिकटला होता आणि आजीच्या डाव्या भुवईपाशी वरचा थर निघाला होता. एका लॅबमध्ये दिला, तर परत आला तो एका गुळगुळीत, अनोळखी बाईचा. त्यांनी व्रण आणि गोंदण बुरशी समजून पुसले होते. मी पैसे दिले आणि फोटो कपाटात ठेवून दिला. मूळ फोटो मात्र फ्रेमसकट जपून ठेवला होता.

तुमच्याकडे आले तेव्हा चिकटलेला कोपरा सोडवायला तुम्ही साफ नकार दिलात. फोटोच्या वरच्या थरातलं जिलेटिन काचेला धरून बसलं की ओढल्यावर चित्र काचेवर राहतं आणि हातात नुसता कागद येतो. म्हणून काचेसकटच कॉपी केलीत. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवर दिवे, आणि काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून काळ्या कापडातल्या भोकातून कॅमेऱ्याची लेन्स.

पण मला खरं शिकायला मिळालं ते पुढे. तुम्ही एकच दिवा ठेवलात, तो टेबलाच्या पातळीपर्यंत खाली आणलात आणि मला बघायला सांगितलंत. दिवा डावीकडे असताना फोटोवरच्या काही खुणांची सावली उजवीकडे पडत होती. दिवा उजवीकडे नेला की ती डावीकडे जायची. त्या खुणा कागदाच्या, म्हणजे पुराच्या. आजीच्या गालावरचे खळगे मात्र दिवा कुठेही नेला तरी जागचे हलले नाहीत. प्रत्येक खळग्याची डावी कड काळी आणि उजवी उजळ, कारण फोटो काढला त्या दिवशी स्टुडिओतला दिवा डावीकडे होता. आजोबांच्या नाकाची सावलीही उजवीकडच्या गालावरच होती. गोंदणाचे ठिपके सपाट, त्यांना सावली नसते, तेव्हा ती परीक्षा तिथे चालली नाही. ते तुम्ही मला विचारून, आत्याला फोन लावून ठरवलंत.

भुवईचा निघालेला भाग दुसऱ्या बाजूची भुवई उलटी करून बसवता आला असता. तुम्ही तसं केलं नाहीत, कारण मग उजेड चुकीच्या बाजूने आला असता आणि ती भुवई आजीचीही नसती. तिथे तुम्ही आजूबाजूच्या रंगाचा फिका करडा भरलात. जवळून पाहिलं तर कळतं, आणि कळावं म्हणूनच तो तसा ठेवलात. काय काय भरलं ते तुम्ही फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलंत, आणि काहीही दुरुस्ती न केलेली कॉपीही पेनड्राइव्हवर वेगळी दिलीत.

आत्याचा आक्षेप मला इथे लपवायचा नाही. ती म्हणाली होती, आईला स्वतःला ते व्रण कधी आवडले नाहीत, आरशात ती पाहायची नाही, मग आपण कशाला ठेवायचे? तुम्ही तिला खोडून काढलं नाहीत. तुमचा नियम तुम्ही सांगितलात: मुरूम आठवड्यात जातो, तो मी काढतो. जे वर्षानुवर्षं चेहऱ्यावर आहे ते त्या माणसाने स्वतः सांगितलं तरच काढतो, आणि गेलेल्या माणसाला विचारता येत नाही. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला त्या नियमापेक्षाही मोठं वाटतं. फिकट पडलेला फोटो ठळक करताना व्रण होते त्याहून खोल दिसायला लागतात, म्हणून तुम्ही चेहऱ्याकडे न बघता आजोबांची पांढरी टोपी आणि आजीचे काळे केस यांच्यावर उजेडाचं माप धरलंत आणि तिथेच थांबलात. जास्त ठळक केलेला आणि त्या मापावर थांबवलेला, असे दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी ठेवून तुम्ही आत्याला दाखवलेत. जास्त ठळक केलेल्यातले व्रण पाहून ती दचकली. दुसऱ्याकडे पाहून म्हणाली, "हां, एवढेच होते."

तुमच्या त्या सगळ्या दुपारचे तुम्ही घेतलेत ते पैसे फारच कमी होते. पुन्हा विचारलं तर तुम्ही रागवाल, म्हणून तो विषय काढत नाही.

आत्या रविवारी स्वतःचा फोटो काढायला तुमच्याकडे येणार आहे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढून टाकायची आहेत, म्हणते. मी सांगितलंय, काकांना तूच सांग, ते ऐकतील.

तुमची,
गल्लीच्या टोकाच्या घरातली नात