शिबिराचा हिशोब आणि ताईचा शब्द

प्रिय नलू,

काल रात्री ताईशी वाजलं. मोठ्याने नाही, पण ती न जेवता झोपली आणि मी वही घेऊन बसले. तुला लिहायचं कारण हेच. बाकी कुणाला सांगितलं तर म्हणतील, योगाच्या शिबिरावरून कसलं भांडण? तुला मात्र मागच्या शिबिराच्या आदल्या संध्याकाळचा तो फोन आठवत असेल. भाज्या चिरून झाल्या होत्या, गाद्या मोजून झाल्या होत्या, आणि एकामागून एक "जमत नाही हो" सुरू झालं होतं.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

तर ऐक. पाच रात्रींचं निवासी शिबिर आहे, जागा २०. आज १७ नावं आहेत आणि शिबिराला ४६ दिवस आहेत. १७ पैकी चौघी मैत्रिणी एकत्र येणार आहेत. त्यांचा परवा निरोप आला: "आमचं नक्की नाही, शेवटच्या आठवड्यात कळवलं तर चालेल ना? पैसे परत मिळतील असं ताई म्हणाल्या होत्या." ताई खरंच तसं म्हणाली होती, आणि एकीला नाही, भेटेल तिला. आता ती म्हणते, चारच तर आहेत, १३ उरतात, शिबिर होतंच की.

तेरा जणांत शिबिर होतं का, हे तुला आकड्यांतच दाखवते. सोपं पडावं म्हणून एका व्यक्तीचं शुल्क १०० धरलंय. बाकीचं सगळं त्याच मापात वाच.

एक माणूस आला म्हणून जो खर्च वाढतो तो फक्त २०: जेवणाचे १८ आणि ऑनलाइन पैसे भरताना कापले जाणारे २. म्हणजे प्रत्येकामागे ८० हातात उरतात. आणि माणसं कितीही आली तरी जो खर्च सुटत नाही तो असा: दहा खोल्या, प्रत्येकी ४४ प्रमाणे ४४०. दोन्ही शिक्षकांचं मानधन ३००. दोघं शिक्षक, ताई आणि मी, अशा चौघांचं राहणं-जेवण १६०. शिक्षकांचा प्रवास, सभागृह, चटया आणि लोड, जाहिरात मिळून १४०. अडीअडचणीसाठी ८०. एकूण ११२०. त्याला ८० ने भागलं की १४ येतात. चौदावी व्यक्ती आली की खर्च भरून निघतो. त्यानंतरचा प्रत्येक माणूस आमच्या कित्येक महिन्यांच्या खपण्याचा मोबदला.

चौघांचं राहणं-जेवण ताईने आधी धरलंच नव्हतं. तिच्या कागदावर शिक्षक म्हणजे फक्त मानधन. शिक्षक जेवतात, झोपतात, त्यांना खोली लागते, ती खोली विकता येत नाही. सगळीकडे हाच खर्च निसटतो बघ, आणि इथे तो शिक्षकांच्या मानधनाच्या निम्म्याहून जास्त आहे.

म्हणजे १७ माणसं असताना २४० शिल्लक दिसतात, त्यावर ताई खूश. चौघी गेल्या की शिल्लक शून्य नाही, ८० ची तूट. ताई लगेच म्हणाली, अडीअडचणीचे ८० आहेतच ना! नलू, ते पैसे रात्री कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, मुख्य शिक्षकांची गाडी चुकली, सभागृहातली वीज गेली तर लागतात. शिबिर सुरू व्हायच्या आधीच ते संपवून आपण एवढ्या जणांची जबाबदारी घ्यायची?

खरी गोम तारखेत आहे. निवासवाल्यांच्या अटी अशा: ३० दिवस आधीपर्यंत खोल्या सोडल्या तर पैसे लागत नाहीत. ३० ते १५ दिवसांत सोडल्या तर निम्मे लागतात. त्यानंतर सगळे. जेवणाऱ्यांचा आकडा सात दिवस आधी पक्का करायचा. आता याच चौघींचं जाणं तीन तारखांना मांडून बघ. तेरा जणांना सात खोल्या पुरतात, म्हणजे तीन सुटतात. ३० दिवस आधी कळलं तर १३२ वाचतात आणि तूट जाऊन ५२ उरतात. वीस दिवस आधी कळलं तर ६६ वाचतात, १४ ची तूट. शेवटच्या आठवड्यात कळलं तर खोल्यांचा एक पैसा सुटत नाही, पूर्ण ८० ची तूट. माणसं तीच, कारण तेच, फक्त निरोपाची तारीख वेगळी.

आणि हे झालं चौघी एकदम गेल्या तर. एकटी कुणी गेली तर खोली अर्धी सोडता येत नाही. उरलेल्या एकीला दुसऱ्या कुणाबरोबर ठेवायचं, तर तिथे बायका-पुरुषांची जोडी जुळावी लागते. म्हणून ज्याला एकट्याला खोली हवी त्याच्याकडून १२२ घ्यायचे मी ठरवलंय, खोलीचा दुसरा अर्धा भाग त्याने उचलायचा. याला ताईची हरकत नाही. ती स्वतः घोरते, त्यामुळे एकट्या खोलीची किंमत तिला पटते!

आता तू म्हणशील, मी तेव्हाच सांगितलं होतं, एक पैसा परत द्यायचा नाही. तुझ्या त्या ठाम बोलण्यावरून आपण गाडीत अर्धा रस्ता अबोला धरला होता. मला ते आजही पटत नाही. दोन महिने आधी आई आजारी पडली म्हणून कुणी नाव मागे घेतलं, त्या जागी दुसरा माणूस मिळायला भरपूर वेळ आहे, तरी सगळे पैसे ठेवायचे हे बरोबर नाही. ताईचं सगळं परत देणंही मला नको आणि तुझं काहीच न देणंही नको. माझं म्हणणं एवढंच की माणूस जाताना जो खर्च अजून वाचवता येतो तो त्याला परत द्यावा, आणि आपली प्रत्येक तारीख निवासवाल्यांच्या तारखेच्या आधी असावी, म्हणजे निरोप आल्यावर खोली सोडायला हातात दिवस राहतात.

त्या हिशोबाने नियम लिहिलेत. नाव नोंदवताना २५ भरायचे, ते परत मिळत नाहीत. ४० दिवस आधीपर्यंत बाकीचे ७५ परत, कारण तेवढ्या वेळात जागा पुन्हा भरता येते. ४० ते २० दिवसांत ३० परत: जेवणाचे १८ आणि खोलीतल्या त्याच्या २२ पैकी निम्मे ११ वाचू शकतात, ते मिळून जवळपास तेवढेच होतात. त्यानंतर आठ दिवस आधीपर्यंत फक्त जेवणाचे १८. त्यापुढे काही नाही. पण आपल्या जागी दुसऱ्याला पाठवायला शेवटपर्यंत मुभा, आणि प्रतीक्षायादीतून जागा भरली तर कितीही उशीर झाला असला तरी १० कापून सगळे परत. अडचणीत सापडलेल्याला या शेवटच्या वाक्याचाच खरा उपयोग आहे, म्हणून ते मी ठळक अक्षरात छापणार आहे. शिबिर आम्हीच रद्द केलं किंवा मुख्य शिक्षक येऊ शकले नाहीत तर पूर्ण शुल्क परत. लोक त्यांच्या नावावर येतात. म्हणून शिबिर पार पडेपर्यंत जमलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत, आणि त्यातून फक्त निवासाची आगाऊ रक्कम गेली आहे.

ताईने मधला रस्ता काढला: पैसे परत नकोत, पुढच्या शिबिरात फुकट घेऊ. ऐकायला गोड वाटतं. पण या चौघींनी पूर्ण शुल्क भरलं आणि त्यांना पुढच्या वेळी फुकट घेतलं, तर त्या जेवणार, झोपणार, आणि त्यांच्याकडून काही येणार नाही. त्यांच्या जेवणाचे ७२ धरून खर्च भरून निघायला पैसे भरणारे १५ जण लागतील, वर या चौघी, म्हणजे २० पैकी १९ जागा भरल्यावर कुठे बरोबरी. पुढचं शिबिर सुरू व्हायच्या आधीच कर्जात.

मुख्य शिक्षकांशीही बोलले. मानधनातला काही भाग ठरावीक आणि काही माणशी ठेवला तर कमी नावांत आमचा भार हलका होतो. ते विचार करून सांगणार आहेत. पण शिबिर रद्द झालं तर त्यांना किती द्यायचं हे आधी कागदावर हवं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि ते रास्तच आहे. त्यांनी आमच्यासाठी ते दिवस दुसरीकडे नाकारलेत.

उरला तो चौघींचा प्रश्न. नियम आज छापला आणि त्यांना लावला, असं करता येणार नाही. त्यांनी ताईच्या शब्दावर नाव दिलंय आणि शब्द पाळायलाच हवा. पण "शेवटच्या आठवड्यात" असं ताई कधी म्हणाली नव्हती, ते त्यांनी मनाने जोडलंय. म्हणून मला त्यांना असं कळवायचंय: शिबिराच्या ३५ दिवस आधीपर्यंत ठरवा. यायचं असेल तर उरलेले ७५ भरा. नसेल तर भरलेले २५ पूर्ण परत. त्या तारखेनंतर सगळ्यांसारखेच नियम. नाही म्हणाल्या तर तीन खोल्या सोडायला आमच्याकडे पाच दिवस राहतील, आणि तेराही जणांत शिबिर नीट होईल. त्या २५ परत मिळण्यावरून ताईला काही म्हणायचं नाही. तिला "ठरवा" हा शब्दच नको आहे. लोकांना तो टोचेल, पुन्हा येणार नाहीत, असं तिला वाटतं. मला उलट वाटतं. शेवटच्या दिवशी तोंड चुकवण्यापेक्षा आज स्पष्ट विचारणं त्यांनाही बरं.

तुझं ती ऐकते. माझं ऐकताना तिला मी धाकटी दिसते. रविवारी तिला फोन कर, पण पैशावरून सुरुवात करू नकोस, तिला आधी शिबिराबद्दल बोलू दे. मग तीन तारखांचा हिशोब विचार, जणू तुला माहीतच नाही. सांगता सांगता तिला स्वतःलाच दिसेल.

धाकटीची परीक्षा झाली का? आणि आईंच्या डोळ्याचं काय ठरलं, ते दोन ओळीत कळव. नवीन नोकरीबद्दल सविस्तर बोलायचंय, ते भेटीत. तुझ्यासाठी एक जागा ठेवलीये, पण पैसे भरावे लागतील, सांगून ठेवते!

निरोप त्यांना सोमवारी सकाळी पाठवायचा आहे, म्हणून फोन रविवारीच कर.

तुझी,
शमा